साल मुबारक, आणि तेही त्यांच्याच लिपीत

आज पाडवा. सकाळी साडेसहाला समोरच्या गुजराती बांच्या दारावर मी त्यांच्या नव्या वर्षाचं "साल मुबारक" हाताने गुजरातीत लिहिलेला कागद चिकटवला. नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो, आणि खाली एका गृहस्थाचा प्रश्न: "महाराष्ट्रात राहून मराठी माणूस गुजराती लिपीत लिहिणार का आता?" त्याखाली तीन अंगठे. दिवाळीच्या दिवशी डोकं तापवायचं नव्हतं, पण तापलंच.

दुकानाच्या पाट्या मराठीतच हव्यात. त्यासाठी मी स्वतः भांडलेय, पुढेही भांडेन. तो मुद्दा मान्य, तेवढाच मान्य. पण बांच्या दारावरचा कागद ही पाटी नाही हो! ती पत्राची चिठ्ठी आहे. चिठ्ठी ज्याला लिहायची, त्याला वाचता येईल अशी लिहितात. बा ऐंशीच्या पुढे आहेत. मराठी अस्खलित बोलतात, पण वाचताना अक्षर अक्षर जुळवतात. त्यांना देवनागरीत शुभेच्छा देऊन मी काय सिद्ध करणार होते?

हे लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि पहिल्या वर्षी मी सगळंच चुकले होते.

२०२२ ची गोष्ट. दिवाळी सोमवारी, २४ ऑक्टोबरला. मी हिशेब केला की गुजराती नवीन वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी. सकाळी छान साडी नेसून, चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी. बा मोरीपाशी बसून भांडी आवरत होत्या. रांगोळी आदल्या दिवशीचीच, नवे कपडे नाहीत, काही नाही. मी म्हटलं, "हॅपी न्यू इयर, बा." त्यांनी हात पुसले, हसल्या आणि म्हणाल्या, "आजे तो धोको छे, बेटा. ने पाछुं ग्रहण. काले आवजे." म्हणजे उद्या ये.

धोको. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दिवाळी आणि बेसतुं वरस, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, यांच्यामध्ये एखादा मोकळा दिवस पडतो, त्याला धोको म्हणतात, पडतर दिवसही म्हणतात. अमावास्या दोन दिवसांवर पसरली की असं होतं. दिवाळी धरतात ती संध्याकाळी अमावास्या असलेल्या दिवशी, आणि नवं वर्ष बसतं ते सूर्योदयाला कार्तिकातली प्रतिपदा असेल त्या दिवशी. यंदा, २०२५ मध्येही तेच झालं. २० ऑक्टोबरला दुपारी अमावास्या लागली आणि २१ ला संध्याकाळी संपली. त्यांनी दिवाळी केली २० ला, आपल्याकडे लक्ष्मीपूजन झालं २१ ला, आणि वर्ष बसलं आज, २२ ला. म्हणजे काल आमच्याकडे लक्ष्मीच्या पाटापुढे लाह्या-बत्तासे आणि समोर धोको! म्हणून दिवाळीनंतरचा दिवस मोजत बसू नका. आपला दिवाळीचा पाडवा बघा. बलिप्रतिपदेला आपल्या पंचांगातसुद्धा विक्रम संवताचा प्रारंभ दिलेला असतो, यंदाचा २०८२. उशीर झाला तर चालतं, लाभ पांचमपर्यंत लोक एकमेकांकडे जात-येत असतात. (तीच आपली पांडव पंचमी.) आधी मात्र नाही.

तर त्या वर्षी मी बुधवारी पुन्हा गेले. या वेळी दारात रांगोळीचा ताजा साथियो, ताटात मठिया, घूघरा, वाटीत मुखवास. बा कोऱ्या सुती साडीत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हात जोडले आणि म्हणाल्या, "साल मुबारक." आणि मी म्हटलं, "थँक्यू."

बांचे हात तसेच जोडलेले राहिले. एक क्षण, दोन क्षण. त्या वाट बघत होत्या. मला कळेना कशाची. शेवटी त्यांची सून हळूच म्हणाली, "ताई, परत बोला ना, साल मुबारक."

अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं. चांगल्या शब्दाचे आभार मानून मी तो तिथेच खाली ठेवून दिला होता. साल मुबारकला उत्तर साल मुबारकच. फार तर "तमने पण साल मुबारक". आणि समोर मोठं माणूस असेल तर आपण आधी म्हणायचं, वाकून पाया पडायचं. मग ते आशीर्वाद देतात. मी वाकले तेव्हा बांनी डोक्यावर हात ठेवला, "सो वरसनी थजे" म्हणाल्या आणि दहाची कोरी नोट हातात दिली. ती माझ्या पाकिटात आहे अजून.

आता लिपीचं. ज्यांना ती "परकी" वाटते त्यांनी एकदा डोळे उघडून बघावी. फोनच्या कीबोर्डवर गुजराती जोडून घेतलं की हे असं दिसतं:

સાલ મુબારક

वरची रेघ काढून टाकली की स, ल, म आपलेच. र म्हणजे आपला २ चा आकडा, हुबेहूब. शिकायची दोनच अक्षरं: ब, ज्याच्या पोटात आपल्यासारखी तिरकी रेघ नाही, आणि क, ज्याला मधली उभी दांडी नाही. काना, उकार आपल्यासारखेच. २०८२ हा आकडाही जवळजवळ तसाच. हाताने लिहिताना माझी एकच चूक व्हायची, शब्द संपला की सवयीने वर रेघ ओढायची. चार कागद फाडले तेव्हा हात थांबला.

जरा भारदस्त हवं असेल तर नूतन वर्षाभिनंदन:

નૂતન વર્ષાભિનંદન

इथे नू दीर्घ आहे, छापील कार्डांवरसुद्धा ऱ्हस्व करून ठेवतात. आणि काही जण सांगतात की हेच "शुद्ध", साल मुबारक फारसी-अरबी, ते म्हणू नका. असेल फारसी. बांच्या तोंडून ऐंशी वर्षं तेच येतंय. त्यांच्या देवघरासमोर उभं राहून मी त्यांना शुद्ध-अशुद्ध शिकवू?

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही. लिहिलं होतं मोठं, पुसलं. त्या गृहस्थांच्या आई आजारी होत्या तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढणारा बांचा मुलगाच होता, हे लिहिणार होते. मग वाटलं, त्यांनाही आठवत असेल ते. आज ना उद्या आठवेल.

दुपारी ओवाळणी, जेवणं आटपली, आडवी झाले होते. तेवढ्यात दाराखालून कागद सरकल्याचा आवाज आला. वहीचं आखलेलं पान, निळं बॉलपेन, थरथरतं अक्षर. बांनी मराठीत लिहिलं होतं: "तुम्हालापण साल मुबारक. पाडव्याचे आशीर्वाद." अक्षर न् अक्षर देवनागरी, फक्त एकाही शब्दावर वरची रेघ नव्हती.