पांढरा थर म्हणजे यीस्टच, असे फोटोवरून ठरवता येत नाही

“लोणच्यावर किंवा इडलीच्या पिठावर आलेला पांढरा थर हे साधे यीस्ट असते, घाबरू नका. हिरवा-काळा रंग दिसला तरच ती बुरशी. एक फोटो पाठवा, लगेच सांगतो. थर चमच्याने काढा आणि निर्धास्त खा.”

सोलापुरात उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी खारातल्या कैऱ्या आणि मिरच्या पडतात, तेव्हा हा संदेश हमखास फिरू लागतो. तो पूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच जास्त फसवा आहे.

पहिली गोष्ट रंगाची. बहुतेक बुरशी सुरुवातीला पांढरीच असते. हिरवा, निळा किंवा काळा रंग तिच्या बीजाणूंचा असतो आणि बीजाणू तयार व्हायला साधारण दोन-चार दिवस लागतात. त्यामुळे रंगाची वाट पाहणारा माणूस बुरशीचे पहिले दिवस ‘यीस्ट’ समजून काढतो. खरी खूण पोताची आहे. खारावर येणारे यीस्ट पाण्याच्या पातळीवर सपाट पसरते, मलईच्या रंगाचे आणि निस्तेज असते; जुने झाले की त्याला सुरकुत्या पडतात आणि कधीकधी त्याच्याखाली वायूचे बुडबुडे अडकलेले दिसतात. बुरशी मात्र सुट्या गोल ठिपक्यांनी सुरू होते, कापसासारखी वर उठते आणि खाराबाहेर डोकावणाऱ्या फोडीवर किंवा बरणीच्या काचेवर आधी धरते.

आता फोटोकडे येऊ. बुरशीची ही कापसासारखी लव मिलिमीटरभर उंचीची असते. वरून, ट्यूबलाइटखाली किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ती उंचीच नाहीशी होते. वर फोन स्वतःहून चित्र गुळगुळीत करतो आणि व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करते. समोर उरतो तो एक पांढरा डाग, ज्यावरून जाणकारालाही काही सांगता येऊ नये. फोटो काढायचाच असेल तर दिवा बंद करून टॉर्च बरणीच्या तोंडाच्या पातळीला आडवी धरावी, लेन्स पुसावी, तिरप्या कोनातून जवळून फोटो घ्यावा आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आडव्या उजेडात लवेची बारीक सावली पडते, तर यीस्टच्या सुरकुत्या सलग रेघांसारख्या दिसतात. दुसरा फोटो काचेतून बाजूने घ्यावा.

मात्र एवढे करूनही फोटोचा निकाल एकाच बाजूने लागतो. लव दिसली तर बरणी टाकायची, हे फोटो ठामपणे सांगू शकतो. लव दिसली नाही म्हणून सगळे ठीक आहे, हे तो सांगू शकत नाही. फोटोत वास नसतो, खाराचा आंबटपणा नसतो आणि बरणीच्या मागच्या बाजूला काय आहे तेही नसते.

एक उदाहरण घ्या. खारातल्या मिरच्यांची बरणी आहे, दडपण सरकल्यामुळे दोन मिरच्या वर आल्या आहेत आणि खारावर पातळ पांढरा पापुद्रा आहे. वरून काढलेल्या फोटोत सगळे सारखेच पांढरे दिसते. आडव्या उजेडात मात्र खारावरचा पापुद्रा सपाट निघतो आणि एका मिरचीच्या देठाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा फुगीर ठिपका सावली टाकतो. यीस्ट आणि बुरशी दोन्ही एकाच बरणीत आहेत. ‘हे यीस्ट आहे’ असे उत्तर अर्ध्या फोटोला बरोबर आणि बरणीला चूक ठरते. ती बरणी टाकायलाच हवी.

‘थर काढा आणि खा’ हा सल्ला निव्वळ यीस्ट असेल तेव्हाच चालतो, तोही ताबडतोब अमलात आणला तर. हे यीस्ट खारातले लॅक्टिक आम्ल खाते. थर आठवडे तसाच राहिला तर आंबटपणा उतरतो आणि इतर जंतूंना वाव मिळतो. म्हणून पापुद्रा काढल्यावर काच पुसावी, फोडी पुन्हा खाराखाली दाबाव्यात आणि शंका असेल तर पीएच-पट्टीने पाहावे. आकडा 4.6 च्या वर गेला असेल तर ते खाऊ नये. बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या खालीही गेलेले असतात आणि काही बुरशींची विषे उकळून किंवा तव्यावर भाजून जात नाहीत. तिथे चमच्याचा उपयोग नाही.

तेलाच्या लोणच्याला तर यीस्टचा हा खुलासा सहसा लागूच पडत नाही, कारण त्यावर यीस्टला पसरायला पाण्याचा मोकळा पृष्ठभाग नसतो. तेलाबाहेरच्या फोडीवरचे पांढरे बहुधा मीठ किंवा बुरशी असते. एक कण कोमट पाण्याच्या थेंबात टाकावा. विरघळला तर मीठ.

इडलीच्या पिठाचा प्रश्न वेगळा. ताजा फेस बुडबुड्यांचा असतो, वरची करडी खपली वाळल्यामुळे येते. ही दोन्ही निरुपद्रवी. पण मे महिन्यात ओट्यावर दिवसभर राहिलेल्या पिठावर लव, गुलाबी किंवा नारिंगी छटा अथवा काळा ठिपका दिसला, तर वरचे काढून खालच्याचे डोसे घालू नयेत. बाहेर ठेवलेल्या पिठावर सपाट पांढरा पापुद्रा आला आणि आंबट वासाऐवजी चीजसारखा किंवा कुजका वास येत असेल, तर तेही टाकावे, कारण पिठात खाराइतके मीठ नसते आणि खरवडून काढण्याजोगा स्वच्छ पृष्ठभागही नसतो.