'मॅडमना सांगू नकोस': एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: ताई, लेख वाचला. मी वडोदऱ्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात मुलांच्या गप्पा मोबाइलवर रेकॉर्ड करून रिपोर्टेड स्पीच शिकवणं ऐकायला छान, पण मुलं वर्गात इंग्रजीत बोलतात कुठे? बोलली तर चुकीचं बोलतात. काळ बदलण्याचा तक्ता पाठ करून घेतला की तीन तासिकांत काम होतं आणि परीक्षेत मार्क पडतात. तुमच्या पद्धतीला किती तासिका लागतात तेही लिहिलं नाहीत. शिवाय मुलांचा आवाज असा टिपून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

उत्तर:

सर, तासिका सहा लागतात. तुमच्या दुप्पट. ते मी लेखात लिहायला हवं होतं.

मुलं चुकीचं बोलतात हे तर खरंच. इथे इंदूरात माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी मराठी, बाकीची हिंदी किंवा माळवी बोलतात, आणि मधल्या सुट्टीत सगळीच हिंदी. पहिल्या वर्षी मी फोन टेबलावर ठेवून वीस मिनिटं नुसता वर्ग टिपला होता. घरी ऐकलं तर पंखा, बाकं सरकवल्याचे आवाज आणि 'अबे सुन ना'. त्यातून एकही वाक्य हाती लागलं नाही. आता दोघंच समोरासमोर बसतात, फोन मध्ये, पंखा बंद, वेळ पाऊण मिनिट. विषय त्यांचा, आधी लिहून आणायचं नाही, फक्त बोलायचं इंग्रजीत. मग आम्ही ते संभाषण फळ्यावर उतरवून त्यातल्या चुका आधी दुरुस्त करतो. या कामात एक अख्खी तासिका जाते. ती वाचवायला गेलं तर मूळ वाक्यातली चूक आणि रूपांतरातली चूक एकमेकींत मिसळतात आणि मूल नेमकं कुठे अडलंय ते कळेनासं होतं.

तक्त्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि त्याचं कारण एकाच संभाषणावरून सांगते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी टिपलेलं आहे. वर्गाची मॉनिटर आणि तिची मैत्रीण बोलताहेत. (तुमच्याकडच्या वाचकांसाठी: त्या रात्री इंदूरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, गिरण्या बंद पडल्या तरी निघतात, आणि अर्धं शहर रात्रभर रस्त्यावर असतं.) दुरुस्तीनंतर संभाषण असं होतं:

मॉनिटर: आर यू कमिंग टु द झांकी टुमारो?
मैत्रीण: नो. माय फादर सेज इट गोज ऑन ऑल नाइट.
मॉनिटर: आय वेंट लास्ट इयर. नथिंग हॅपन्ड.
मैत्रीण: आस्क युवर ब्रदर. ही लॉस्ट हिज फोन देअर.
मॉनिटर: डोन्ट टेल मॅडम.

शेवटचं वाक्य कुजबुजत म्हटलेलं, कारण झांकीच्या दुसऱ्या दिवशी माझी चाचणी होती. फोन आपल्यापुढेच आहे हे दोघी विसरल्या होत्या. वर्गात वाजवलं तेव्हा मॉनिटरसकट सगळा वर्ग हसला, आणि मी तिथूनच सुरुवात केली. हे वाक्य आता रिपोर्ट करा.

पहिला हात वर आला: 'शी टोल्ड हर नॉट टु टेल मॅडम.' तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर. मी म्हटलं, आता मी सांगते: 'शी टोल्ड हर फ्रेंड नॉट टु टेल मी.' मग मॉनिटरला उभं केलं, म्हटलं, तू मला कबुली दे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, 'आय टोल्ड हर नॉट टु टेल यू.' एकच वाक्य, पण 'मॅडम' शब्दाच्या जागी तीन वेगळे शब्द आले आणि तिन्ही बरोबर. कोण सांगतंय आणि कोणाला सांगतंय, एवढ्यावरच ते ठरलं. पाठ्यपुस्तकातल्या 'राम सेड टु श्याम' मध्ये सांगणारा तिसराच कोणीतरी असतो. तो कोण, हे पुस्तक कधी सांगत नाही, म्हणून सर्वनाम का बदललं हे मुलांना कळायचा मार्गच नसतो. ती फक्त बदलतात.

'टुमारो'चंही तसंच. तक्ता म्हणतो 'द नेक्स्ट डे'. वर्गात आम्ही हे चार दिवसांनी ऐकलं, तेव्हा 'द नेक्स्ट डे' बरोबरच होतं. पण मॉनिटरने त्याच संध्याकाळी घरी आईला सांगितलं असतं तर? 'आय आस्क्ड हर इफ शी वॉज कमिंग टु द झांकी टुमारो.' उद्या अजून उजाडायचा आहे, तर तो बदलायचा कशाला? आणि तेच दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं तर 'टुडे'. म्हणून प्रत्येक संभाषणासोबत मी एक चिठ्ठी देते: सांगणारा कोण, ऐकणारा कोण, कधी, कुठे. चिठ्ठी भरल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

काळाच्या बाबतीत मुलांच्या आड येते ती आपली भाषा. मराठीत आपण 'ती म्हणाली की मी येणार नाही' असं सहज म्हणतो. येणार नाही ती 'मी' कोण हे ऐकणारा समजून घेतो. हिंदीतही तसंच. काळही तिथेच राहतो. म्हणून वहीत दरवर्षी 'शी सेड दॅट आय विल नॉट कम' येतंच. मुलाच्या दृष्टीने ते चुकीचं नाही, ते मराठी आहे. इंग्रजीत 'मी' म्हणजे सांगणारा स्वतः होतो, आणि रेकॉर्डिंग असलं की हे चटकन दिसतं. ते वाक्य वाचणाऱ्या मुलाला वर्गच विचारतो, 'अरे, तू जाणार नाहीस की ती?'

प्रश्नांत हे जास्त त्रास देतं. पहिल्या ओळीसाठी बावीस वह्यांत 'शी आस्क्ड दॅट वॉज शी कमिंग' होतं. मूळ 'तिने विचारलं की ती येणार आहे का'. मुलं 'की'चं 'दॅट' करतात आणि शेवटचा 'का' सोडून देतात, कारण इंग्रजीत त्याला शब्द आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी फळ्यावर 'का' भोवती गोल काढते आणि बाण ओढून 'इफ'पाशी नेते. 'की' खोडून टाकते. त्यानंतर 'दॅट' बरंच कमी येतं. उरतो तो 'वॉज शी'. ही आधीच्या शिक्षकांच्या मेहनतीची खूण आहे: प्रश्नात क्रियापद आधी घ्यायला ज्या मुलांनी दोन वर्षं घेतली, त्यांना आता ते परत मागे ठेवायला सांगायचं. त्याला सरावाशिवाय इलाज नाही, आणि इथे तुमचा तक्ताही उपयोगी पडत नाही, कारण त्यात क्रियापदाची जागा नसतेच.

'नो' चं काय करायचं? जुनी गाइडं 'रिप्लाइड इन द निगेटिव्ह' लिहायला लावतात. असं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आम्ही 'शी सेड शी वॉजन्ट' लिहिलं. वडिलांचं 'इट गोज ऑन ऑल नाइट' हे दरवर्षीचंच सत्य, म्हणून 'गोज' ठेवलं तरी चालतं. पण उत्तरपत्रिकेत 'वेंट ऑन' लिहा असं मी स्पष्ट सांगते. तपासणाऱ्याशी वाद घालायला मूल तिथे नसतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो भावावर. 'हर फ्रेंड टोल्ड हर टु आस्क हर ब्रदर, अँड सेड ही हॅड लॉस्ट हिज फोन देअर.' मागच्या बाकावरून प्रश्न: फोन कोणाच्या भावाचा हरवला? दोघी मुली, सगळीकडे 'हर'. मराठीत 'तुझ्या भावाला विचार म्हणाली' असं सांगून आपण मोकळे होतो; 'तुझ्या' तसाच राहतो आणि घोटाळा होत नाही. इंग्रजीने 'युवर'चं 'हर' केलं आणि भाऊ कोणाचा ते हरवलं. शेवटी 'टोल्ड द मॉनिटर टु आस्क द मॉनिटर्स ब्रदर' असं ओबडधोबड पण बिनचूक वाक्य ठरलं. 'वेंट'चं 'हॅड गॉन' आणि 'लॉस्ट'चं 'हॅड लॉस्ट' मात्र कुरकुर न करता झालं. गेल्या वर्षीची गोष्ट त्या दिवशीच्या बोलण्याच्याही मागची, हे त्यांना दिसत होतं.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. गप्पांमधून सगळे प्रकार येत नाहीत. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगांत चालू वर्तमान आणि आज्ञा भरपूर, 'विल' बरं, 'हॅव' लावलेला पूर्ण काळ जवळजवळ नाहीच. कोणी आपल्या मैत्रिणीला 'आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क' म्हणत नाही, 'डन' म्हणतं. म्हणून पाचव्या तासिकेला मी तक्ता काढते, तुमचाच, आणि राहिलेल्या ओळी पुस्तकातल्या वाक्यांवर करून घेते. फरक एवढाच की तोवर तक्त्यातल्या निम्म्या ओळी मुलांनी स्वतः भरलेल्या असतात.

परीक्षेचं म्हणाल तर सीबीएसईच्या नववीत विधानं, प्रश्न आणि आज्ञा-विनंती एवढेच प्रकार आहेत, आणि प्रश्न बऱ्याचदा छोट्या संवादाखालचा परिच्छेद पूर्ण करण्याचा असतो. तिथे सुट्या वाक्यांच्या सरावावर वाढलेली मुलं दुसऱ्या रिकाम्या जागेपाशी अडखळतात, कारण पहिल्या वाक्यातला 'शी' दुसऱ्यात कोण, हे त्यांनी धरून ठेवलेलं नसतं.

आवाजाबद्दलची तुमची शंका मी गांभीर्याने घेते. पालकांची लेखी परवानगी वर्षाच्या सुरुवातीला घेते. चार पालकांनी नाही म्हटलं, त्यांची मुलं संभाषण लिहून काढायच्या कामात असतात. एकदा एका जोडीत बोलता बोलता घरातलं भांडण निघालं. मी तिथेच फोन उचलला, त्यांच्यासमोर पुसलं, आणि त्यांनी दुसऱ्या विषयावर नव्याने टिपलं. बाकीची रेकॉर्डिंगं सहावी तासिका संपली की वर्गासमोरच पुसते. पुसायचं काम मॉनिटरकडे असतं. झांकीचं तिने सगळ्यांत आधी पुसलं.