"ब्लॉक कर आणि कामाला लाग" म्हणणाऱ्या संपादकांसाठी

महिला पत्रकारांच्या ऑनलाइन छळावर शोधनिबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीची प्रश्नावली आज आली. त्यात एक प्रश्न होता, 'छळ झाल्यावर तुमच्या न्यूजरूमने काय केलं?' आमच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ संपादकांनी त्याखाली लिहिलं, "आम्ही तिला दुर्लक्ष करायला सांगितलं आणि ती सावरली." ते वाचल्यापासून डोकं फिरलंय.

ज्या मुलीबद्दल ते हे लिहितायत तिची हकीकत आमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारी वार्ताहर. टँकरच्या खेपा लॉगबुकात किती आणि गावात प्रत्यक्ष किती, अशी दोन भागांची बातमी तिने काढली होती. पहिला भाग छापून आला त्याच रात्री तिचा फोटो आणि मोबाइल नंबर, वर एक घाणेरडी ओळ, असं तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरायला लागलं. पहाटेपर्यंत फोन वाजत होता. संपादक म्हणाले, ब्लॉक कर, फोन दोन दिवस बंद ठेव. तिने ठेवला. आणि नेमके तेच दोन दिवस टँकरचे चालक आणि एका गावचे सरपंच तिला उरलेली लॉगबुकं द्यायला फोन करत होते. तिसऱ्या दिवशी ते गप्प झाले. दुसरा भाग आलाच नाही.

याला सावरणं म्हणतात?

बातमीदाराचा नंबर हे तिचं दुकान असतं. तो नंबर पसरवणाऱ्याला एवढंच हवं असतं की तिने स्वतःच शटर खाली ओढावं. पत्रकार राणा अय्यूब यांच्या बाबतीत एप्रिल 2018मध्ये हेच झालं. आधी त्यांच्या तोंडी खोटं वाक्य घातलेलं ट्विट फिरलं, मग त्यांचा चेहरा लावलेली अश्लील चित्रफीत, मग त्यांचा नंबर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी भारत सरकारला त्यांना संरक्षण द्या म्हणून जाहीर सांगितलं. 2020मध्ये दिल्ली पोलिसांनी आरोपी सापडत नाहीत म्हणून तपास बंद केला. आणि अय्यूब यांनी 2018मध्येच लिहिलं होतं की त्या घटनेनंतर आपण ऑनलाइन काय लिहावं याबाबत स्वतःवर बंधनं घालून घेतली. इतक्या निर्भीड बाईची ही गत, तर तालुक्याच्या वार्ताहराने कुणाकडे बघायचं?

हो, पुरुष पत्रकारांनाही शिव्या पडतात. पडतात. पण त्यांच्या नंबरावर 'रेट काय' असं विचारणारे फोन येत नाहीत.

आता त्या 'ब्लॉक कर'बद्दल. हा सल्ला नुसता निर्दय नाही, तो पुरावा घालवणारा आहे. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आणि ब्लॉक करताना चॅट डिलीट करायचा पर्याय समोर येतो, आणि रात्री तीनला घाबरलेली मुलगी तो दाबतेच. रिपोर्ट केलं की शेवटचे काही मेसेज कंपनीकडे जातात, आणि चॅट डिलीट झाली की तुमच्या हातात काही उरत नाही. म्हणून आधी चॅट एक्स्पोर्ट करायची, मग ब्लॉक. मोबाइलमध्ये सेव्ह असलेल्या माणसाचा स्क्रीनशॉट काढला तर त्यात नाव दिसतं, नंबर नाही. त्यामुळे प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा आणखी एक स्क्रीनशॉट लागतो. एक्स किंवा फेसबुकवर पोस्टची लिंक जपायची, कारण हँडल रातोरात बदलतं. आणि ग्रुपवरचा मेसेज कुणी टाकला हे ग्रुपमधल्याच माणसाकडून मिळतं. पुढे आलेल्या फॉरवर्डवर मूळ माणसाचा पत्ता नसतो.

हे सगळं तिने करायचं नाही. हीच माझी मुख्य मागणी आहे. डेस्कवरच्या कुणीतरी तिच्या शेजारी बसून, शक्यतो तिला ते मेसेज पुन्हा वाचायला न लावता, एक वही करायची: तारीख, वेळ, नंबर, नेमके शब्द, फाइल कुठे ठेवली. दुसऱ्याने तिचे कॉल डेस्कच्या फोनवर वळवून घ्यायचे आणि स्वतः उचलायचे. दहा घाणेरड्या फोनांत अकरावा सरपंचांचा असतो, तो कुणीतरी उचलला पाहिजे. त्या मुलीच्या बाबतीत एवढं झालं असतं तर दुसरा भाग छापून आला असता.

छोट्या दैनिकाकडे वकील नसतो, मान्य. वही तर असते ना?

वही का लागते तेही सांगते. पोलिस ठाण्यात जाऊन "मला धमक्या येतात, शिव्या देतात" एवढंच म्हटलं की साध्या धमकीचं कलम लागतं. ते अदखलपात्र, म्हणजे पोलिस स्वतःहून तपास करत नाहीत, म्हणून एनसी लिहून घरी पाठवतात. तेच फोन लैंगिक मागणीचे असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम 75 लागतं, नको सांगूनही एकच माणूस वारंवार संपर्क करत असेल तर 78, आणि ही दोन्ही दखलपात्र आहेत. पण 78साठी तोच माणूस पुन्हा पुन्हा, हे दिसावं लागतं. शंभर जणांनी एकेक फोन केला तर हे कलम अडतं. वहीत नोंदी नंबरनुसार लावल्या की त्या गर्दीत सात-सात वेळा फोन करणारे वेगळे दिसतात, आणि तक्रार तिथून सुरू करायची. ती लेखी द्यायची, cybercrime.gov.in वरही टाकायची, आणि मूळ फोन जपायचा. न्यायालयात स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं.

आणि संपादकहो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉश कायद्याचं कलम 19 एकदा वाचा. बाईला फौजदारी तक्रार करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून तिथे लिहिलंय. छळ करणारा तुमचा कर्मचारी नसला तरी, तिची इच्छा असेल तर, त्याच्यावर कारवाई सुरू करवणं हेही लिहिलंय. मोबाइलवरचा छळ 'कामाच्या ठिकाणी' झाला का यावर वाद घालता येतो, कायद्यात ऑनलाइन असा शब्द नाही. घाला वाद. पण बातमीखाली तिचं नाव छापताना तो नंबर कामाचाच होता.

थोडं शांत होऊन लिहिते. त्या संपादकांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. त्यांच्या पिढीत निनावी पत्रं यायची, फाडून टाकली की संपायचं. युनेस्को आणि पत्रकारांसाठी काम करणारी आयसीएफजे ही संस्था यांच्या 2020च्या पाहणीत 73 टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा झाल्याचं सांगितलं, पण मालकांकडे गेल्या फक्त चौथा हिस्सा. गेलेल्यांतल्या काहींना उत्तर मिळालं की कातडी जाड करा. मग बाकीच्या कशाला जातील?

सगळ्यात राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. "तुझ्याच भल्यासाठी" म्हणत तिला टँकरवरून काढून सण-उत्सवांच्या बातम्यांवर टाकलं. बीट बदलायची का हे तिला विचारायचं, तिच्यावतीने ठरवायचं नाही. टँकरच्या ठेकेदाराला हवं होतं ते तिच्याच कार्यालयाने करून दिलं. त्यात ती पगारी नव्हती, बातमीमागे मानधन घेणारी होती. दुसरा भाग छापला नाही म्हणून त्याचे पैसेही तिला मिळाले नाहीत.