९५ हजारांचं बाथरूम १ लाख ४३ हजारांचं कसं झालं

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं बाथरूम अखेर फोडायला घेतलं. बिल्डिंग पस्तीस वर्षांची, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्या मजल्यावर. खालच्या काकूंच्या छताला ओल यायला लागली आणि त्यांनी रोज जिन्यात गाठायला सुरुवात केली, तेव्हा दुसरा इलाजच उरला नाही.

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेले. पहिल्याने दारातच उभं राहून मान फिरवली आणि रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलं, "ताई, फुल बाथरूम ९५." बस्स, कोटेशन एवढंच. दुसऱ्याने छापील कागदावर १ लाख २५ हजार लिहिले. तिसऱ्याने १ लाख ६२ हजार. नवरा म्हणाला, पहिला घे, ६७ हजार वाचतात. मीही जवळजवळ हो म्हणाले होते.

मग सहज विचारलं, की खालचा जुना कोबा काढणार ना? तो म्हणाला, "नाही ताई, वरून केमिकल मारू." म्हणजे काकूंची ओल गेलीच असती असं नाही! आमच्या बाथरूमचा स्लॅब फूटभर खोलगट आहे. त्या खड्ड्यात जुनी विटांची भर आणि तिच्यातूनच जाणारे जुने पाइप. गळती तिथे मुरत असेल, तर वरून काहीही लावा, ती खालीच उतरणार.

त्या रात्री मी मोजपट्टी घेऊन बसले. बाथरूम ७ बाय साडेचार फूट, म्हणजे चारी भिंती मिळून २३ फूट. टाइल ७ फुटांपर्यंत लावायची तर १६१ चौरस फूट, त्यातून दाराचे साडेसतरा वजा, उरले साधारण १४३. फरशीचे ३१ वेगळे. टाइल कॉन्ट्रॅक्टरनेच आणायची, पण बेसिक रेट सगळ्यांनी ६० रुपये चौरस फूट धरायचा, तुटफूट त्यातच. नळ, शॉवर, कमोड, बेसिन मी आणणार, त्यांनी फक्त बसवायचं. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, नहाणी ट्रॅप नवीन, पाइपलाइन पूर्ण नवी आणि भिंतीत, टाइल लावायच्या आधी प्रेशर टेस्ट. वॉटरप्रूफिंग झालं की ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खाली काकूंचं छत बघायचं. डेब्रिज चौथ्या मजल्यावरून उतरवून टेम्पोने नेण्यासकट. जीएसटी धरून एकूण रक्कम.

नळ कुठे, गीझर कुठे, याचं पेन्सिलने चित्र काढलं आणि तिघांना एकच कागद पाठवला. वर विनंती, की प्रत्येक कामासमोर वेगळा आकडा लिहा. कुणी काही विचारलं, की उत्तर तिघांनाही पाठवायचं, हा माझा नियम. तिसऱ्याने विचारलं, "कमोडची जागा बदलायचीय का?" मी तिघांना कळवलं, नाही. नाहीतर एकाने ड्रेनेजचं जादा काम धरलं असतं आणि बाकीच्यांनी नाही.

उत्तरं आली. पहिल्याचे ९५ तसेच, पण वर कोबा काढून नवीन वॉटरप्रूफिंग २२ हजार, नवी पाइपलाइन १६, डेब्रिज ६, आणि त्याने टाइल ५ फुटांपर्यंतच धरली होती म्हणून उरलेल्या २ फुटांचे साडेचार हजार. बेरीज १ लाख ४३ हजार ५००. दुसऱ्याच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" होतं. १८ टक्के लावल्यावर १ लाख ४७ हजार ५००. तिसऱ्याने मुळात आपल्या पसंतीचे नळ-कमोड २४ हजारांचे धरले होते, कर धरून. ते काढल्यावर १ लाख ३८ हजार. सगळ्यात महाग तो सगळ्यात स्वस्त निघाला. नवऱ्याने तीनदा बेरीज तपासली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर आधी ठरत नाही. फोडल्यावर खालचा स्लॅब कसा निघेल, हे फोडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून तिथे रक्कम नको, फक्त दर द्या म्हटलं: सळ्या गंजलेल्या निघाल्या तर साफ करून दुरुस्तीचे चौरस फुटाला किती? दुसरा म्हणाला ५००, तिसरा ३५०. पहिला म्हणाला, "ते नंतर बघू ना ताई." हे "नंतर बघू" मला ९५ हजारांपेक्षा जास्त खटकलं.

काम तिसऱ्याला दिलं. पाणी भरण्याची टेस्ट पास होईपर्यंत टाइलचे पैसे नाहीत, हेही लिहून घेतलं. कोबा निघाला आणि कोपऱ्यात गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्याच. आम्ही दोघांनी मिळून टेप धरली, १४ चौरस फूट भरलं. ४ हजार ९०० रुपये, एका शब्दाचा वाद नाही.

परवा पाणी भरलंय. काकू स्टुलावर चढून छताला हात लावून बघतायत, दर चार तासांनी.