‘भाडेकरूच्या माथी जादा आकार’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

अभिप्राय (एक तारा): “जूनअखेर या इमारतीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा मालकांनी मेंटेनन्स 4,200 रुपये सांगितला होता. जुलैपासून बिल 4,767 रुपये येते आहे. 420 आणि 147 हे जादा आकडे कशाचे, असे तुमच्या ऑफिसात विचारले तर ‘तुमच्या मालकाला विचारा’ एवढेच उत्तर मिळाले. तीन महिने मुकाट्याने भरले, आता कोणीतरी हिशेब सांगावा.”

उत्तर:

महोदय, नमस्कार. या सोसायटीच्या बिलांचे काम आमच्याकडे आहे. आपला अभिप्राय वाचल्यावर मी त्या फ्लॅटची जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरची तिन्ही बिले काढून स्वतः तपासली. त्यातील एक आकडा आमच्या चुकीमुळे फुगलेला आहे. दुसरा बरोबर आहे, पण तो आपण भरायला नको होता.

आधी 420 रुपयांचे सांगतो. सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो, तेव्हा सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेऊ शकते. मालकांनी लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत सोसायटीत दिल्यामुळे ही ओळ जुलैच्या बिलात प्रथमच दिसली, आणि त्यांनी आपल्याला जुन्या बिलावरून रक्कम सांगितली असणार. मात्र हा आकार किती असावा याला मर्यादा आहे. सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली राज्य शासनाने 1 ऑगस्ट 2001 रोजी आदेश काढून तो सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर आणला, तेही महापालिकेचे कर वगळून. आणि 2007 साली मुंबई उच्च न्यायालयानेही हा आदेश उचलून धरला. येथे ‘सेवा शुल्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळांचा, अगदी काही कमिट्यांचासुद्धा, दहा टक्के म्हणजे संपूर्ण बिलाचे दहा टक्के असा समज असतो.

आपल्या बिलात सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिस वगैरेचा खर्च, 1,600 रुपये आहे. त्याखाली मालमत्ता कर 950, पाणी 350, दुरुस्ती निधी 900, सिंकिंग फंड 300 आणि पार्किंग 100 मिळून 4,200 होतात. एप्रिलमध्ये आम्ही बिलिंगचे सॉफ्टवेअर बदलले, तेव्हा हा आकार ‘सेवा शुल्कावर’ ऐवजी ‘एकूण बिलावर’ असा नोंदवला गेला, आणि त्यामुळे 160 च्या जागी 420 आले. दरमहा 260 रुपये जादा, तीन महिन्यांचे 780. भाड्याने दिलेल्या आणखी चार फ्लॅटांच्या बिलांतही हीच चूक सापडली असून ती आम्ही दुरुस्त केली आहे. आपल्याला बिल स्वतः पडताळायचे असेल, तर फक्त सेवा शुल्काची ओळ पाहावी आणि त्या रकमेतले शेवटचे शून्य झाकावे.

147 रुपये हे व्याज आहे. मालकांची एप्रिल आणि मे महिन्यांची बिले, म्हणजे 8,400 रुपये, थकलेली आहेत. उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के साधे व्याज लावता येते, आणि या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने तोच दर ठरवलेला आहे. महिन्याला पावणेदोन टक्के धरले की 147 होतात. मुद्दल तेवढेच राहिले आणि व्याजावर व्याज नाही, म्हणून तिन्ही बिलांत आकडा तोच आहे. आकारणी योग्य असली तरी ही थकबाकी आपण राहायला येण्यापूर्वीची आहे, त्यामुळे तिच्या व्याजाशी आपला संबंध नाही.

आता पैसे परत मिळण्याविषयी. सोसायटीच्या वहीत खाते सभासदाचे असते, भाडेकरूचे नसते. म्हणून 780 रुपयांची जमा पुढील बिलात मालकांच्या नावे दिसेल, आम्हाला ती थेट आपल्या हाती देता येत नाही. व्याजाचे 441 रुपये सोसायटी परत करणार नाही, ते आपण मालकांकडूनच घ्यावेत. उरलेल्या 160 रुपयांसाठी आपला करार पाहावा: मेंटेनन्स ‘बिलाप्रमाणे’ असे लिहिले असेल तर ते आपल्याकडे येतात, 4,200 हा आकडाच लिहिलेला असेल तर मालकांकडे. सोसायटीच्या दृष्टीने देणे दोन्ही प्रकारांत मालकांचेच.

ऑफिसातल्या उत्तराबद्दल क्षमा मागतो. मालकांच्या खात्याचा उतारा भाडेकरूला दाखवत नाही, हा आमचा नियम आहे आणि तो राहील. परंतु बिलावर छापलेल्या ओळीचा अर्थ सांगायला त्याची आडकाठी नव्हती. चूक मान्य करणारे आणि ही आकडेमोड दाखवणारे पत्र मालकांच्या नावे तयार आहे. त्याची एक प्रत आपण सोमवारपासून सोसायटीच्या ऑफिसातून घ्यावी, म्हणजे 780 रुपयांचे बोलणे करताना कागद हाताशी राहील.