स्केल कटतं, रुंदी कटत नाही: एका पालकांच्या कमेंटला उत्तर

"सर, हिस्टोग्रामवाली पोस्ट वाचली. साध्या गोष्टीचा नुसता फापटपसारा केलाय. मीन काढताना स्केल वर-खाली कटूनच जातं, मग प्रत्येक बारची उंची गुणिले मिडपॉइंट करा, उंचीच्या बेरजेने भागा, संपला विषय. आम्ही इंजिनीअरिंगला असंच केलं. शिवाय ३० ते ६० चा मिडपॉइंट ४५ कसा? तिकडे बार उतरत चाललेत, मुलं ३० च्या जवळच असणार. आणि तुमच्या आकृतीत उभ्या अक्षावर 'मुलांची संख्या' लिहिलंय. अर्धवट ज्ञानावर क्लास चालवणाऱ्यांमुळेच मुलांचे मार्क जातात."

कमेंट रात्री साडेअकराला आली आणि मी तेव्हाच टाइप करायला बसलो होतो, पण बायको म्हणाली सकाळी लिही. सकाळी लिहितोय, तरी राग पुरता उतरलेला नाही हे आधीच सांगून टाकतो.

साहेब, "इथे चुकलात" म्हणा, मी ऐकून घेतो, रोज पंधरा-सोळा वर्षांची पोरं मला हेच सांगत असतात. पण तुमचं शेवटचं वाक्य गणिताबद्दल नाहीये, ते माझ्याबद्दल आहे, आणि ते चारचौघांत लिहिलंत म्हणून उत्तरही इथेच देतोय. एकवीस वर्षं शिकवतोय, त्यातली अकरा आयजीसीएसईच्या मुलांना, आणि हा धडा दर वर्षी किमान दोनदा घेतो. अर्धवट म्हणा, पण इतक्या वेळा अर्धवट घेतलं की पूर्ण होतं कधीतरी.

अक्षाचं मान्य. तिथे 'दर मिनिटाला किती मुलं' हवं होतं, लेबल जुन्या फाइलमधून तसंच येऊन बसलं. काल रात्रीच बदललंय. (त्या आकृतीखालच्या मजकुरात चार वेळा फ्रिक्वेन्सी डेन्सिटी लिहिलंय, ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे, असो.)

आता ते उंची गुणिले मिडपॉइंट. मागची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, उदाहरण असं होतं की १०० मुलांना शाळेत पोचायला किती मिनिटं लागतात त्याचा हिस्टोग्राम, त्यात पाच बार. ० ते १० ची उंची १.३, १० ते १५ ची ४, १५ ते २० ची ५, २० ते ३० ची २.४ आणि ३० ते ६० ची फक्त ०.६. उंची म्हणजे डेन्सिटी, मुलं नव्हेत. १.३ मुलं शाळेत येत नाहीत, एवढं तरी मान्य असावं. मुलं मिळवायची तर उंचीला रुंदीने गुणायचं, मग येतात १३, २०, २५, २४ आणि १८, बेरीज बरोबर १००. (ही बेरीज आली नाही तर पुढे जाऊच नका, एखाद्या बारची उंची चुकीची वाचलीत.) मग प्रत्येकाला मिडपॉइंटने गुणून बेरीज २१६२.५, भागिले १००, म्हणजे मीन साधारण २१.६ मिनिटं.

तुमच्या पद्धतीनेही केलं मी, प्रामाणिकपणे, कागद घेऊन. उंचीची बेरीज १३.३, उंची गुणिले मिडपॉइंटची बेरीज २३१, भागाकार १७.४. चार मिनिटांहून जास्त फरक. तुम्ही म्हणाल मग तुमचंच चुकलं असेल, तर त्याची परीक्षा अगदी सोपी आहे आणि ती करायला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

तो ३० ते ६० चा लांबलचक बुटका बार घ्या आणि पेन्सिलने त्यात दोन उभ्या रेघा मारा, ४० वर आणि ५० वर. आता तिथे तीन बार झाले, तिन्हींची उंची ०.६. आकृती तीच, मुलं तीच, कुणी घर बदललेलं नाही. माझ्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यात ६ मुलं, मिडपॉइंट ३५, ४५, ५५, तिघांची मिळून बेरीज ८१०, आधी त्या एका बारची १८ गुणिले ४५ होती तेवढीच, मीन परत २१.६. तुमच्या पद्धतीत उंचीची बेरीज १४.५ झाली, वरची बेरीज २८५, आणि मीन झाला १९.७. दोन रेघा मारल्या म्हणून मुलांना सरासरी सव्वादोन मिनिटं जास्त लागायला लागली! ज्या रीतीचं उत्तर माझ्या पेन्सिलीवर अवलंबून आहे ती रीत मी तरी मुलांना शिकवणार नाही.

अजून रेघा मारत गेलात तर मजा बघा. सगळा हिस्टोग्राम पाच-पाच मिनिटांच्या पट्ट्यांत कापा, बारा पट्ट्या होतात. आता तुमचीच रीत लावा, फक्त उंची आणि मिडपॉइंट. उंचीची बेरीज २०, वरची ४३२.५, उत्तर २१.६. म्हणजे सगळे बार सारख्या रुंदीचे झाल्याबरोबर तुमची रीत माझ्या उत्तरावर येऊन थांबते. तुम्ही इंजिनीअरिंगला असंच केलं असणार यात मला शंका नाही, कारण आपल्याकडे दहावीपासून मीनसाठी येणारे तक्ते बहुतेक सारख्या क्लासचेच असतात, ०-१०, १०-२०, २०-३०. तिथे रुंदी सगळीकडे एकच, म्हणून ती खरंच वर-खाली कटते.

म्हणजे "स्केल कटतं" हे तुमचं वाक्य खरं आहे, गंमत अशी की ते तुम्ही चुकीच्या गोष्टीला लावलंत. उभ्या अक्षावर आकडेच नसले, पेपरवाल्याने मुद्दाम पुसले, तरी मीन काढता येतो, ग्राफपेपरचे चौकोन मोजा आणि उंचीऐवजी चौकोनांची संख्या धरा. एनसीईआरटीच्या जुन्या नववीच्या पुस्तकात तर डेन्सिटीच नाही, तिथे सगळ्या उंच्या सर्वात लहान क्लासच्या हिशोबाने करतात. आपल्या उदाहरणात सर्वात लहान क्लास ५ चा, म्हणून सगळ्या उंच्या पाचपट होतील, ६.५, २०, २५, १२, ३. चालेल की, कारण पाच सगळ्यांना सारखाच लागलाय, तो कटतो. पण रुंदी सगळ्यांना सारखी लागलेली नाही. एकाला १०, एकाला ५, एकाला ३०. जे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे ते कटणार कसं?

आणि हे मी तुम्हाला वरून ज्ञान देतोय असं वाटत असेल तर सांगतो, हीच चूक मी स्वतः एस.वाय. बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये केलीय. जर्नलच्या पानावर आडवी लाल रेघ आली, का आली ते कुणी सांगितलं नाही, नुसतं "रिपीट". ते पान मी बरेच दिवस ठेवलं होतं. नंतर स्वतः शिकवायला लागल्यावर साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर हिस्टोग्राम काढून कापला. या उदाहरणाचा पुठ्ठाही केलाय. एक मिनिट म्हणजे अर्धा सेंटिमीटर, म्हणून लांबी ३०. उंचीला एक डेन्सिटी म्हणजे ३ सेंटिमीटर, म्हणून सर्वात उंच बार १५ चा आणि शेवटचा जेमतेम १.८ चा. सगळा एकसंध कापायचा, बार सुटे करायचे नाहीत. मग लाकडी पट्टी धारेवर उभी धरून पुठ्ठा तिच्यावर आडवा ठेवायचा आणि तोलायचा. डाव्या टोकापासून १०.८ सेंटिमीटरवर तोलतो, म्हणजे २१.६ मिनिटं. तुमचा १७.४ म्हणजे ८.७ सेंटिमीटर, तिथे पट्टी धरली की पुठ्ठा उजवीकडे कलंडतो, दर वेळी, आणि पोरं हसतात.

कलंडतो तो त्या शेपटीमुळे. दिसायला बारीक पट्टी, पण १५ सेंटिमीटर लांब आहे आणि लांब टोकाला आहे. तिच्यात १०० पैकी १८ मुलं बसलीत. नुसती उंची धरली की तिला १३.३ पैकी ०.६, म्हणजे १०० पैकी चार-पाच मुलांचंच वजन मिळतं, आणि मधल्या १५ ते २० च्या बारला २५ ऐवजी जवळपास ३८. लांबून येणारी मुलं गायब झाली, जवळची फुगली, मग मीन खाली येणारच. पेपर तपासताना मला हे आकड्याकडे बघूनच कळतं, शेपटी उजवीकडे असेल आणि मुलाचा मीन सर्वात उंच बारमध्येच येऊन बसला असेल तर आधी रुंदीने गुणलंय का ते बघतो.

राहिलं ४५ चं. मागच्या पोस्टच्या शीर्षकातच 'अंदाजे मीन' आहे, त्यातला 'अंदाजे' हा शब्द याच्यासाठीच असतो. बार सपाट आहे, म्हणजे काढणाऱ्याने त्या ३० मिनिटांत मुलं सारखी पसरलीत असं धरलंय, आणि सारखी पसरली तर त्यांची सरासरी ४५. खरी मुलं ३० च्या बाजूला गोळा झाली असतील, असूही शकेल, शेजारचे बार बघता तसं वाटतंही. समजा त्या अठरा जणांची खरी सरासरी ४० आहे, तर एकूण बेरीज ९० ने कमी, मीन ०.९ ने कमी, २०.७. तुमच्या शॉर्टकटने चार मिनिटं घालवली, त्यापुढे हे काय. ३० ते ६० चा बार हाच सगळ्यात मोठा धोक्याचा आहे हे खरं, सगळी मुलं आपापल्या क्लासच्या खालच्या टोकाला धरली तर मीन १६ च्या आसपास, वरच्या टोकाला धरली तर २७.३, आणि या फरकातला जवळपास अर्धा एकट्या त्या बारचा. पण मूळ आकडे हातात नसताना ४५ ऐवजी ३८ धरा की ४१ धरा हे तुम्ही कशावरून ठरवणार? परीक्षेत मिडपॉइंटच धरतात. यावर याहून जास्त वाद घालायची माझी इच्छा नाही.

फापटपसाऱ्याबद्दल काय बोलू. पोस्ट लांब होती, हीपण झालीय.

तुमच्या मुलाचे मार्क नक्की कुठे गेले ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पेपर परत मिळाला असेल तर त्या प्रश्नातल्या बारच्या रुंद्या, उंच्या आणि त्याने काढलेला मीन एवढं खाली टाका. त्याने रुंदीने गुणलं होतं की नाही ते पाच मिनिटांत सांगतो. आणि नसेल गुणलं, तर ही रीत त्याला घरी कुणी सांगितली तेही त्यालाच विचारा.