निळा प्रकाश, नऊची झोप आणि रविवारची भरपाई

“मुलांची झोप बिघडते ती पालकांच्या हलगर्जीपणामुळे. झोपण्याआधी दोन तास मोबाईल काढून घ्या. निळा प्रकाश बंद झाला की मूल नऊला गाढ झोपेल. आठवड्यात थोडी झोप कमी झालीच, तर ती रविवारी भरून काढता येते.”

पालकसभेच्या निमित्ताने या संदेशातील विधानांचा एकेक करून विचार करू. सुरुवात प्रकाशापासून करणे योग्य, कारण त्या विधानात तथ्याचा अंश आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नसून, बाहेर उजेड आहे की अंधार याची खबर मेंदूतील जैविक घड्याळाला देण्याचे असते, आणि त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. ही खबर पोहोचली की रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा आणि कमी स्रवते. मात्र २०१५ मधील ज्या प्रयोगाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, त्यातील १२ जण प्रौढ होते. त्यांनी मंद उजेडाच्या खोलीत, पूर्ण प्रखर ठेवलेल्या पडद्यावर, झोपण्याआधी सुमारे चार तास वाचन केले. त्यांचे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले हे खरे, पण छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांना झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहा मिनिटांचा. दहा वर्षांचे मूल दीड तास कुशी बदलत राहत असेल, तर त्याचा सगळा हिशेब एकट्या निळ्या प्रकाशाने लागत नाही. लहान मुलांचे डोळे प्रकाशाला मोठ्यांपेक्षा अधिक संवेदनशील असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. पण तो नियम लागू करायचा तर डोक्यावरच्या ट्यूबलाइटलाही लावायला हवा. पडद्याला पिवळसर छटा आणणाऱ्या सोयीवर विसंबणे तर त्याहून फसवे, कारण प्रखरता तशीच राहिली तर नुसता रंग बदलून फारसे काही साधत नाही.

पडद्याचा खरा तोटा होतो तो अंथरुणात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांना काही संध्याकाळी कॅमेरे लावून, ती प्रत्यक्षात काय करतात हे पाहिले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत पडदा पाहिल्याने एकूण झोपेत फारसा फरक दिसला नाही. अंथरुणात शिरल्यानंतर पडदा सुरू राहिला तेव्हा मात्र झोप घटली, आणि खेळणे किंवा संदेशांची देवाणघेवाण करणे यांसारख्या प्रतिसाद मागणाऱ्या वापराने अधिक घटली. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावरून मोठा कायदा करू नये. पण कारण समजण्याजोगे आहे: गोष्टीचा भाग संपतो, खेळ संपत नाही, आणि समोरच्या मित्राचे उत्तर येईपर्यंत डोळा लागत नाही. म्हणून दोन तासांची मनाई पाळताना घरात रोज वाद होत असेल, तर निम्म्या कष्टात अधिक साधणारा उपाय असा, की रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर, एका ठरलेल्या जागी चार्जिंगला लागावा. घरातील मोठ्यांचे फोनही तिथेच असले, तर मुलाला ती शिक्षा वाटत नाही.

आता नऊ वाजताच्या झोपेकडे वळू. झोप येण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: दिवसभर जागे राहिल्याने साठलेला झोपेचा दाब, आणि जैविक घड्याळाने दिलेली परवानगी. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे घड्याळ उलट जागेच ठेवते. ज्या मुलाला रोज अकराला झोप लागते त्याला नऊला निजवणे म्हणजे नेमक्या त्याच वेळात निजवणे होय. मग मूल पाणी मागते, पुन्हा उठून येते, छताकडे पाहत पडून राहते, आणि अंथरूण म्हणजे जागे राहण्याची जागा अशी त्याच्या मेंदूची सवय होते. तेरा वर्षांपुढील मुलांमध्ये तर वयात येताना हे घड्याळच पुढे सरकते. त्यांच्या उशिरा झोपण्यात हट्टापेक्षा शरीराचा भाग मोठा असतो.

रविवारच्या भरपाईचा हिशेब एका उदाहरणातून मांडतो. समजा, दहा वर्षांची मुलगी रात्री अकराला झोपते आणि साडेसहाला उठते, म्हणजे तिला साडेसात तास झोप मिळते. सहा ते बारा या वयासाठी नऊ ते बारा तासांची शिफारस आहे. म्हणजे किमान मर्यादेपेक्षाही ती रोज दीड तास मागे, आणि सहा दिवसांत नऊ तास मागे. शनिवारी बारा वाजता झोपून ती रविवारी दहाला उठली, तर जास्तीचे मिळतात ते एका रात्रीचे अडीच तास. शिवाय तिच्या झोपेचा मध्य पावणेतीनवरून पाचवर सरकतो, म्हणजे शरीराच्या दृष्टीने ती सव्वादोन तास पश्चिमेकडच्या देशात जाऊन आली. रविवारी रात्री तिला झोप येत नाही ती यामुळे, आणि सोमवारच्या पहिल्या तासाला डोळे जड असतात तेही यामुळे. थकव्याने थोडे जास्त झोपण्यात गैर काही नाही, पण ते तासाभरापुरते ठेवावे.

तिच्यासाठी उलट्या टोकापासून सुरुवात करावी. उठण्याची वेळ साडेसहा, रविवारी फार तर साडेसात, आणि उठताच मोकळ्या हवेतला उजेड, कारण सकाळचा प्रकाश घड्याळ अलीकडे ओढतो. दुपारची झोप टाळावी. निजण्याची वेळ सुरुवातीला अकराच ठेवावी. सलग तीन रात्री वीस मिनिटांच्या आत झोप लागली, की ती पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. अकरावरून सव्वानऊपर्यंत असे सात टप्पे होतात, म्हणजे सारे सुरळीत गेले तरी तीन ते चार आठवडे. एखाद्या टप्प्यावर झोप लांबली, तर मागे जाण्याऐवजी तिथेच आणखी तीन रात्री थांबावे. सव्वानऊ ते साडेसहा म्हणजे सव्वानऊ तास. मूल हाक मारल्यावर फार ओढाताण न होता उठू लागले आणि सुटीच्या दिवशीही जवळपास त्याच वेळी जागे होऊ लागले, तर तिला तेवढी झोप पुरते असे समजावे. कमी झोपलेले मूल नेहमी पेंगतेच असे नाही. अनेकदा ते चिडते, चुळबुळते, नको तितके उत्साही दिसते, आणि म्हणून “याला झोपेची गरजच कमी” असा समज होतो.

उरते पालकांवरचे विधान. पाळीची नोकरी, एकाच खोलीत झोपणारे चार जण, संध्याकाळची शिकवणी आणि रात्री त्याच फोनवर येणारा शाळेचा गृहपाठ, यांतले काहीही हलगर्जीपणा नाही. रात्री येणाऱ्या शालेय सूचना संध्याकाळीच पाठवणे हे तर शाळेच्याच हातात आहे. आणि काही कारणे ना सवयीची असतात ना पडद्याची: मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, किंवा झोपताना पायांत अस्वस्थ वाटते असे सांगत असेल, तर वेळापत्रक बदलत बसण्याआधी त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. टॉन्सिल वाढणे किंवा लोहाची कमतरता यांसारखी कारणे तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपचार होतात.